आमची वाटचाल: पत्रिकेतला मान राखून मजकूर आटोपशीर

वडिलांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीत पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापखाना काढला. एकेक खिळा जुळवून कंपोझ करणाऱ्याला जादा शब्द लगेच बोटांना जाणवतो. पुढे डीटीपी आलं, ऑफसेट आलं, धंदा चालत राहिला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं. कार्डांचे गठ्ठे फुगून फुटले, मशीन गाळात बसली. आम्ही गाळ उपसत होतो तेव्हा जवळच एकानं तासाभरात पत्रिका द्यायचा धंदा मांडला आणि आमची गिऱ्हाईकं नेली. मजकूर लांबला की तो सरळ खालच्या ओळी उडवायचा, आणि खाली असतं आजोळ! हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गुळाच्या अडतीवरचे अण्णा वडिलांच्या वेळेपासूनचे. पुतणीची पत्रिका त्यांनी तिकडे छापली, मामांचं नाव गळालं आणि मामा हळदीला आलेच नाहीत. मुलीच्या लग्नाला ते पुन्हा आमच्याकडे आले, हातात दोन पानी मजकूर.

मी लाल पेन घेतलं. आधी नावं, नाती, वार, तारीख, मुहूर्त आणि ठिकाण यांना चौकट केली. त्याला हात लावायचा नाही. उरली ती विनंती: ‘तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्यपूर्वक उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत व समारंभाची शोभा वाढवावी, ही आग्रहाची नम्र विनंती.’ ‘सहकुटुंब’ आणि ‘सहपरिवार’ एकच सांगतात, एक काढला. ‘इष्टमित्रांसह’वर मात्र अण्णांना विचारलं, कारण त्या शब्दानं पंगत वाढते. अण्णा म्हणाले, “राहू दे, अडतीवरची सगळी यायला पाहिजेत.” शेवटी उरलं: ‘तरी आपण सहकुटुंब, इष्टमित्रांसह उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.’

साखरपुडा आणि अक्षता एकाच कार्यालयात होत्या, तरी पत्ता दोनदा होता. तो एकदाच खाली घेतला. हळद गावी घरी होती, म्हणून तिची वेळ आणि ठिकाण स्वतंत्र ओळीत ठेवलं. कै. आजोबांचं नाव निमंत्रकांत लिहिलेलं होतं. दिवंगत माणूस निमंत्रण कसं देणार? ते वधूच्या ओळीत ‘कै. … यांची नात’ असं वर घेतलं, आजींचं नाव निमंत्रकांत पहिलं आलं. मामांना ‘आजोळ’ म्हणून वेगळी ओळ मिळाली. एवढं सगळं एका पानात, मोठ्या टाइपात बसलं.

तुमची पत्रिका कुठेही छापा, पण छपाईआधी प्रूफ दोन्ही घरच्या एकेका वडीलधाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा. गळालेलं नाव डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच खटकतं. आणि तारखेपुढचा वार कॅलेंडरशी ताडून बघा. अण्णांनी प्रूफ आजींना वाचून दाखवलं, तेव्हा धाकट्या आत्याचं नाव राहिल्याचं आजींनीच पकडलं.