टाळी एकत्र पडेना, त्याची गोष्ट: हंगामभराच्या नोंदी

घरचा सामना १ ते ३

आमच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे दीडशेच्या आसपास. सगळे एकाच लांबट स्टँडमध्ये बसतात. स्टँड भरतो, पण माणसं आपापली येतात आणि आपापली जातात. हंगामभरात एकच गोष्ट करायची ठरवली: प्रत्येक सामन्यात, प्रत्येकाला येईल अशी एक टाळी. प्रेरणा अर्थातच २०१६च्या युरो स्पर्धेतली आइसलँडची. आधी ड्रमचे ठोके, मग हात डोक्यावर नेऊन एकच टाळी आणि सोबत 'हू'.

पहिला प्रयत्न गोलनंतर करायचा होता. तीनपैकी दोन सामन्यांत आपला गोलच नाही. जो विधी गोलवर टांगलेला असतो तो लोकांच्या अंगवळणी पडत नाही. मग शेवटच्या शिट्टीनंतर करून पाहिलं, तर हरलेल्या सामन्यात शिट्टीआधीच निम्मे लोक उठले. शेवटी वेळ ठरली ती नाणेफेक झाल्यावर खेळाडू जागा घेतात तेव्हाची. निकाल काहीही लागो, ही वेळ येतेच.

सामना ४

ड्रम डाव्या टोकाला होता, कारण आमच्या ड्रमवाल्याची नेहमीची जागा तीच. लय जलद, मिनिटाला साधारण १२० ठोके. तो खूश, मीही खूश, कारण मी त्याच्या शेजारीच उभा होतो. घरी आल्यावर समोरच्या बाजूने केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. टाळी कसली, पावसाची सर!

कारण शोधायला दोन दिवस गेले. कागदावर मांडल्यावर मात्र लाजच वाटली. स्टँड ८० मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ड्रमचा ठोका उजव्या टोकाला जवळजवळ पाव सेकंद उशिरा पोचतो. १२०च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अंतरच अर्धा सेकंद. तिकडचे लोक इमानदारीत ठोक्यावर टाळी देत होते, पण त्यांचा ठोका आमच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे पडत होता. गंमत पुढे आहे: त्यांची टाळी परत आमच्यापर्यंत यायला आणखी पाव सेकंद, म्हणून ती आमच्या पुढच्या ठोक्याला येऊन चिकटायची आणि आम्हाला वाटायचं, तिकडचंही जुळलंय. ड्रमजवळ उभ्या असलेल्या माणसाने लय जुळली की नाही हे ठरवू नये.

सामना ५ आणि ६

ड्रम मधोमध आणला. ड्रमवाल्याची समजूत काढायला गणितापेक्षा जास्त वेळ लागला. आता टोकं ४० मीटरवर, उशीर निम्मा. पण खरा फरक पडला तो लय संथ केल्यावर. सुरुवातीला दोन टाळ्यांमध्ये चार सेकंद ठेवले. एवढ्या अंतरात उशीर कुणाला जाणवतही नाही.

दुसरा बदल: कानापेक्षा डोळ्यावर भरवसा. एक जण मैदानाकडे पाठ करून दोन्ही हात वर धरतो. हात मिटले की टाळी. डाव्या-उजव्या बाजूला पहिल्या रांगेत एकेक जण त्याच्याकडे बघून तेच करतो. हातांची हालचाल सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. (पाठ करून उभं राहणाऱ्याला सुरुवातीचा खेळ हुकण्याची भीती असते, म्हणून पाळी लावली आहे.)

वेग हळूहळू वाढवतो, पण दोन टाळ्यांतलं अंतर सेकंदाच्या खाली गेलं की पुन्हा चिखल. त्याआधीच सर्वांनी मोकळ्या टाळ्यांचा कडकडाट करून थांबायचं.

सामना ७

खूण म्हणून छापील टी-शर्ट काढले होते, ते फसले. मापं अडचणीची, आणि ज्याच्याकडे नाही तो बाहेरचा वाटतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा टॉवेल आठवला. १९७५मध्ये समालोचक मायरन कोप यांनी लोकांना पिवळे टॉवेल आणायला सांगितलं. घरातलं काहीतरी उचलायचं आणि फिरवायचं, एवढंच. आम्हीही आता संघाच्या रंगाची कुठलीही कापडी पट्टी मनगटाला बांधतो. टाळीसाठी हात वर गेले की पट्ट्या आपोआप दिसतात. वेगळं काही सांगावं लागत नाही.

सामना ९

मुद्दाम गेलो नाही. हात वर करणाऱ्या नेहमीच्या दोघांनाही मागे बसायला सांगितलं होतं, ड्रमवाल्याला काहीच सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये नाणेफेकीनंतर बराच वेळ शांतता आहे. मग उजव्या टोकाकडून, म्हणजे ज्यांची टाळी आम्ही महिनाभर बिघडवत होतो तिथून, कुणीतरी ओरडतं, "अरे, हात!" ड्रम मागून आला. पहिली टाळी फाटली, तिसरी एकत्र पडली.

शेवटच्या कडकडाटाआधी त्यांनी एक जादाची टाळीही घुसवली आहे. ती कुणी ठरवली, मला माहीत नाही. दहाव्या सामन्यात ती तशीच ठेवली.