आजीच्या गालावरचे हिरवे ठिपके

"काळ्या पेनाने ठिपके ठिपके देऊन चित्र काढतात तेच ना हे, फक्त रंगीत? मग आजीच्या गालावर हिरवे ठिपके कशाला?"

रंगीत ठिपक्यांनी मी काढलेलं आजीचं चित्र बघून हा प्रश्न येतो. नाही, तेच नाही. काळ्या पेनाच्या स्टिपलिंगमध्ये शाई एकच असते. ठिपके दाट दिले की काळोख, विरळ दिले की उजेड. उजेडाचं सगळं काम तिथे कोरा कागद करतो. माझ्या चित्रात ठिपके सगळीकडे सारख्याच दाटीने आहेत, कपाळावरही आणि केसांतही. बदलतं ते फक्त कोणत्या रंगाचे किती, हे प्रमाण. रंग ट्यूबमधून काढला तसाच लावायचा, दुसऱ्यात मिसळायचा नाही. मिसळण्याचं काम लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचं.

आता हिरवा. आजीचा ओसरीवर बसलेला जुना फोटो मी स्कॅन केला आणि गालाच्या एका लहानशा चौकोनाचा सरासरी रंग काढला. एकाच पिक्सेलचा रंग घेऊन चालत नाही. जुन्या फोटोत रवाळपणा असतो, शेजारचा पिक्सेल भलताच निघतो. स्कॅनमध्ये प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत असतो, प्रत्येक ० ते २५५. सरासरी आली लाल १७६, हिरवा १२४, निळा ९२. म्हणजे आपला नेहमीचा गव्हाळ रंग. माझ्याकडच्या रंगांत असा एकही नव्हता. प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा कागदावर लावून, वाळवून, तोही मी स्कॅन करून घेतला होता, त्यामुळे हिशोब करता आला. दहा ठिपक्यांत पाच नारिंगी, तीन हिरवे, एक गुलाबी आणि एक गडद निळा. या दहांची सरासरी १८२, १२२, ८९ येते, गालाच्या अगदी जवळ. हिरवे काढून त्या जागी नारिंगी घातले तर गाल विटकरी दिसतो. नारिंगीचा भडकपणा हिरव्याने उतरतो आणि त्वचेला तो मऊ, किंचित राखाडी पोत येतो. म्हणून हिरवे.

ही सरासरी काढताना सुरुवातीला माझं चुकलं होतं. फोटोतले ० ते २५५ हे आकडे म्हणजे उजेडाचं थेट माप नव्हे. स्क्रीनवर काळ्यापांढऱ्या बारीक चौकटींचा पट काढा, निम्मे काळे, निम्मे पांढरे, आणि लांबून बघा. शेजारी करडा रंग ठेवून जुळवत गेलात तर तो १२८ ला नाही, १८८ च्या आसपास जुळतो. डोळ्यात उजेड मिसळतो, आकडे मिसळत नाहीत. म्हणून आधी आकड्यांचं उजेडात रूपांतर करायचं, सरासरी काढायची आणि मग परत आकड्यांत आणायचं. हे न करता साधी बेरीज-भागाकार केला, तर वरच्याच दहा ठिपक्यांची सरासरी १५७, १२०, ७५ दिसते. ती कमी वाटते म्हणून तुम्ही फिके ठिपके वाढवता आणि भिंतीवर चेहरा हवा त्यापेक्षा उजळ, पिठूळ येतो.

दुसरा धडा कागदाने शिकवला. गोल ठिपके ओळीने एकमेकांना टेकवून दिले तरी त्यांच्यामधे कोपरे उरतात. चौकोनी मांडणीत ठिपके फारतर ७८ टक्के जागा व्यापतात, बाकीचा कागद दिसतोच. स्टिपलिंगमध्ये हा कागद मदतीला येतो. इथे तो प्रत्येक रंगात चुना कालवतो. पहिल्या चित्रात आजीचा गाल फिकट गुलाबी झाला आणि केस राखाडी. दुसऱ्या वेळी मी आधी सगळ्या कागदावर मातकट तपकिरी रंगाचा पातळ हात दिला आणि त्या रंगाचा वाटा हिशोबात धरला. गाल तेव्हा कुठे जागेवर आला.

पिवळा आणि निळा एकत्र आले की हिरवा होतो, हे आपण शाळेपासून घोकलेलं असतं. वाटीत कालवले तर होतो. वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर भिंग धरलंत तर तिथेही दिसेल, कारण ती शाई पारदर्शक असते आणि एका रंगावर दुसरा चढतो. पण अपारदर्शक पिवळा ठिपका आणि त्याच्या शेजारी निळा ठेवला तर लांबून हिरवा दिसत नाही, करडा दिसतो. म्हणून हिरवा हवा असेल तर हिरवीच ट्यूब लागते. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी कधीही त्या ठिपक्यांपेक्षा जास्त तजेलदार होत नाही. आजीचं कुंकू म्हणूनच मी निव्वळ लाल ठिपक्यांनी भरलं, त्यात दुसरा एकही रंग येऊ दिला नाही.

ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो जॉर्ज सरा हा फ्रेंच चित्रकार. १८८४ ते १८८६ या काळात केलेलं त्याचं ग्रांद जात बेटावरच्या रविवारचं चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. तो पांढरा मिसळून घ्यायचा, मी तेही टाळते. त्याच्या चित्रातला झिंक यलो हा पिवळा पुढे काळवंडून तपकिरी झाला. रंग मिसळलेले असते तर ते एवढं डोळ्यावर आलं नसतं. सुटा ठिपका बिघडला की तो एकटा उघडा पडतो. हे कळल्यापासून ट्यूबवर रंगाच्या टिकाऊपणाची खूण बघितल्याशिवाय मी ती घेत नाही.

हाताचं काम सांगते. माझा ठिपका तीन मिलिमीटरचा असतो आणि तो मी ब्रशच्या दांड्याच्या मागच्या टोकाने देते. एकदा बुडवलं की पहिला ठिपका मोठा येतो आणि चौथ्यापर्यंत तो लहान होतो. ठिपके लहानमोठे झाले की प्रमाण बिघडतं, म्हणून दर दोन ठिपक्यांनी पुन्हा बुडवायचं. एका रंगाचे ठिपके एकत्र जमू द्यायचे नाहीत, नाहीतर चेहऱ्यावर गोवर आल्यासारखं दिसतं. आणि चेहरा मोठाच घ्यायचा. माझ्या चित्रात तो २५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे साधारण ८३ ठिपके, तेव्हा कुठे एका डोळ्याच्या वाट्याला सोळा येतात. चेहरा दहा सेंटिमीटरचा केला तर डोळ्याला सहा-सातच उरतात आणि त्यांत नजर बसत नाही.

ठिपके पूर्ण विरायला दहा मीटर लांब जावं लागतं. रंगाचे फरक आधी विरतात, पण गडद-उजळ फरक डोळा बराच वेळ सोडत नाही. गालावरचा तो दहातला एक निळा आमच्या खोलीतून टोचायचा, कारण तो नारिंगीपेक्षा फारच गडद होता. त्याच्या जागी उजळ आकाशी घेतला, आणि त्याने उजेड वाढला तेवढे काही नारिंगी ठिपके काढून त्या जागी गडद तांबडे दिले. आता चार-पाच मीटरवरून गाल गालासारखा दिसतो.

चित्र झाल्यावर मावशीला बोळाच्या टोकाला उभं केलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, आईला घाम आलाय का?" कपाळावरच्या उजेडात पांढरे ठिपके जास्त झाले होते. मी मोजून बावीस पांढरे खरवडले आणि त्या जागी गुलाबी दिले.