टॉर्च रिपोर्टमध्ये सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह: पुढे काय करतो

परळच्या ओपीडीत समुपदेशनासाठी येणारी जोडपी बरेचदा लॅबमधून थेट येतात. टॉर्च म्हणजे गरोदरपणात बाळाला इजा करू शकणाऱ्या काही संसर्गांसाठीची आईची रक्ततपासणी. तिच्या रिपोर्टवर सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणूच्या आयजीएमपुढे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ असतं आणि कुणीतरी आधीच ‘मूल ठेवू नका’ सांगून टाकलेलं असतं.

डोंबिवलीच्या एका बाईंचं उदाहरण घेते. दहावा आठवडा, ताप-पुरळ काही नाही. टॉर्च केवळ ‘पॅकेजमध्ये होती’ म्हणून झालेली. लक्षणं नसताना ती सरसकट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयजीएम म्हणजे लागणीनंतर आधी दिसणारी प्रतिपिंडं, आयजीजी म्हणजे नंतर कायम टिकणारी; त्यांची दोन्ही पॉझिटिव्ह. सासूबाईंनी विचारलं, “मॅडम, म्हणजे बाळाला लागण झालीच ना?”

नाही. एकतर हा रिपोर्ट आईच्या रक्ताचा आहे. शिवाय आयजीएम लागणीनंतर कित्येक महिने टिकू शकतं, आणि कधी दुसऱ्याच विषाणूमुळे खोटंही पॉझिटिव्ह येतं. आपल्याकडे बहुतेक बायकांना लहानपणीच सीएमव्ही होऊन गेलेला असतो, म्हणून आयजीजी पॉझिटिव्ह असण्यातही नवल नाही. खरा प्रश्न लागण कधी झाली हा.

त्यासाठी आयजीजी ॲव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंडांच्या पकडीची चाचणी करायची. नव्या लागणीतली प्रतिपिंडं विषाणूला सैल धरतात, काही महिन्यांनी पकड घट्ट होते. लॅबला फोन करून विचारलं, तर पहिलाच नमुना जपून ठेवलेला होता. त्यावरच चाचणी झाली. ॲव्हिडिटी जास्त आली, म्हणजे लागण साधारण तीन महिन्यांहून जुनी. दहा आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, तेव्हा ही लागण गर्भ राहण्याच्या आधीची. बाळाचा धोका खूप खाली येतो. जुना विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून तो शून्य म्हणत नाही.

हाच रिपोर्ट विसाव्या आठवड्यात आला असता, तर जास्त ॲव्हिडिटीने फारसं काही सांगितलं नसतं. तीन महिने मागे गेलं तरी आपण पहिल्या तिमाहीच्या आतच असतो. ॲव्हिडिटीला उशीर झाला की घोटाळा होतो तो इथे.

ॲव्हिडिटी कमी आली असती तर लगेच फीटल मेडिसिनकडे, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं असतं. सुरुवातीच्या लागणीत व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाचा विचार होतो, तोही जितका लवकर तितका बरा. बाळापर्यंत विषाणू पोचला का, हे गर्भजलाच्या पीसीआरवरूनच कळतं. सुईने गर्भजल काढायची ही तपासणी, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस, एकविसाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि लागणीनंतर निदान आठ आठवड्यांनी करायची. विषाणू बाळाच्या लघवीतून गर्भजलात येतो. त्याआधी केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

या बाईंना सुई टोचायची गरज नव्हती. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मेंदूतल्या पोकळ्यांची रुंदी, त्यांच्या कडेचे कॅल्शियमचे ठिपके, पांढरट चमकणारं आतडं, यकृताचा आकार, डोक्याचा घेर नीट पाहायला सांगितलं. सगळं ठीक होतं. वाढ पाहायला बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी ठरवली. बाळ जन्मल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत लघवीचा पीसीआर आणि कानांची तपासणी करायची, हे फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं.