साडेतीन मार्कांचं उत्तर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला आणि ठरवलं की स्नेहसंमेलन, सहल, क्रीडामहोत्सव यांवर इतर लोक लिहितीलच. मी बाईंवर लिहिणार. आपल्याकडे बारावीला केमिस्ट्री घेतलेल्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलेलं पुरेल.

सहामाही झाली की पेपर वाटायच्या आदल्या दिवशी बाई लॅबच्या दारावर आदर्श उत्तर लावायच्या. फुलस्केपवर निळ्या शाईत उत्तर आणि उजवीकडच्या समासात लाल शाईत प्रत्येक पायरीचे मार्क. मी इथे लिहितोय ते बफरच्या उत्तराबद्दल. प्रश्न असा होता: ०.२ मोलर अॅसेटिक आम्लाच्या ५० मिलिलिटर द्रावणात ०.२ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइडचे ३० मिलिलिटर मिसळले, तर pH किती? मग त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक मिलिलिटर घातला, तर किती? Ka दिलेला, 1.8 × 10⁻⁵. मार्क चार. कॅलक्युलेटर अर्थातच नाही, लॉगटेबल.

पहिली पायरी अभिक्रिया लिहायची, अर्धा मार्क:

CH₃COOH + NaOH → CH₃COONa + H₂O

निम्मा वर्ग हीच गाळायचा. पण बफर इथेच तयार होतो. प्रश्नात क्षाराचं नावही नाही, तो बाटलीतून ओतलेला नाही. आम्लाचा काही भाग अल्कलीने खाल्ला, त्यातूनच क्षार आला. हे कागदावर आलं नाही, तर पुढे प्रश्नातलेच आकडे जसेच्या तसे उचलले जातात.

दुसरी पायरी मिलिमोलची, तिला पूर्ण एक मार्क. आम्ल ५० × ०.२ म्हणजे १०, अल्कली ३० × ०.२ म्हणजे ६. अल्कली पूर्ण संपते. उरलं आम्ल ४, तयार झाला क्षार ६. बाई इथे ८० मिलिलिटरने भागू द्यायच्या नाहीत. दोन्ही एकाच भांड्यात आहेत, भागाकारात ते ८० आपोआप उडतात. भागलंत तर मार्क जात नाहीत, वेळ जातो. मात्र "आकारमान समान म्हणून" हे तीन शब्द लिहायलाच हवेत.

तिसरी, सूत्राला अर्धा:

pH = pKa + log (क्षार / आम्ल)

चौथी, किमती घालण्याला अर्धा. log 1.8 टेबलात ०.२५५३, म्हणून pKa ४.७४. log (६/४), म्हणजे log 1.5, ०.१७६१. पाचवी, उत्तर ४.९२, अर्धा. सहावी: हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक मिलिमोल क्षाराला परत आम्ल करतो, म्हणून क्षार ५, आम्ल ५, याला अर्धा. सातवी: log 1 शून्य, pH ४.७४, अर्धा. झाले चार.

खाली बाईंनी चौकटीत लिहिलं होतं की हाच एक मिलिलिटर ८० मिलिलिटर साध्या पाण्यात टाकला असता, तर pH ७ वरून १.९ च्या आसपास आला असता. बफरमध्ये घसरण ०.१८ ची. बफर कशाला म्हणतात, हे मला व्याख्येपेक्षा त्या चौकटीतून जास्त कळलं.

आता प्रसंग. आमच्या वर्गाचा पहिला नंबर (नाव नको, तो स्मरणिका वाचणार आहे) याने अभिक्रिया लिहिली नाही, मिलिमोल तोंडी केले, सूत्र लिहिलं आणि सरळ ४.९२ आणि ४.७४. दोन्ही उत्तरं बरोबर, मार्क दीड. आणि शेवटच्या बाकावरचा, पंचवटीतून सायकल हाणत येणारा, कायम पहिला तास बुडवणारा आमचा मित्र, त्याने सूत्र बरोबर लिहून किमती घालताना वरचं खाली केलं. log (४/६). उत्तर ४.५६. त्याला साडेतीन.

वर्गात हलकल्लोळ. चुकीच्या उत्तराला साडेतीन?

बाई शांतपणे म्हणाल्या, "एका चुकीला एकदाच शिक्षा. किमती उलट घातल्या, अर्धा गेला. त्या किमतींवरून पुढचं गणित बरोबर आहे, त्याचा अर्धा मी कशाला कापू? दुसऱ्या भागात तर पाचास पाच आहे. उलट करा, सुलट करा, तेच."

मग त्यांनी त्याच्या पेपरातली शेवटची ओळ वाचून दाखवली. त्याने लिहिलं होतं: "आम्ल घातल्यावर pH ४.५६ वरून ४.७४ झाला, म्हणजे वाढला. असं होणार नाही. वर कुठेतरी चुकलंय, वेळ संपली."

त्या क्षणी बाईंचा चेहरा जो खुलला, तो मी विसरलेलो नाही. "आम्ल घातलं आणि pH वाढला, हे ज्याला खटकलं त्याला बफर समजला," असं म्हणून त्या दाराकडे गेल्या आणि कागदाच्या तळाशी लाल शाईत लिहिलं: "पडताळा: क्षार आम्लापेक्षा जास्त, म्हणून pH pKa पेक्षा जास्त हवा. आम्ल घातल्यावर तो उतरायला हवा. या ओळीला मार्क नाहीत. तरी लिहायची."

पुढे मी अंबडला एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये लागलो, आता तिथलीच लॅब बघतो. रोज बफर बनतात. त्या सहामाहीतलं मिश्रण खरोखर बनवून मीटर बुडवला, तर ४.९२ दिसत नाही, साधारण एक दशांशाने कमी दिसतो, कारण आयनांची गर्दी वाढली की ते सूत्रात धरल्यासारखे मोकळे वागत नाहीत. नवीन मुलं घाबरतात, आधी मीटरला दोष देतात. मी म्हणतो, ४.०० आणि ७.०० च्या बफरने मीटर तपासा, तो बरोबर असेल तर दशांशाची काळजी सोडा. पण आकडा ४.६ च्या खाली दिसला तर वजनाचा कागद काढा, बहुतेक वेळा क्षार आणि आम्ल यांचं माप उलट घेतलेलं सापडतं.

हल्ली सीईटीला चार पर्याय असतात. माझ्या मुलीच्या सराव पुस्तकात असाच प्रश्न होता आणि पर्यायांत उलट्या गुणोत्तराचं उत्तर अगदी नटूनथटून बसलेलं. ते निवडलं की शून्य. पंचवटीवाल्याला आज शून्य मिळालं असतं आणि पहिल्या नंबरवाल्याला पूर्ण. मला हे पटत नाही, कुणाला पटत असेल तर असो. जुनी लॅबही गेली, त्या दारासकट. नवीन इमारत देखणी आहे, हे मान्य.

पहिला नंबर आता परदेशात असतो. बाई कार्यक्रमाला येणार हे ग्रुपवर कळल्यावर त्याचा मेसेज आला, "बाई, माझे अडीच मार्क अजून बाकी आहेत." बाईंनी उत्तर दिलं, "पायऱ्या लिहून आण. देते."