सप्टेंबरची सही

आमच्या बँकेत भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीची कर्जाची फाइल आली होती, साठ लाखांच्या कॅश क्रेडिटसाठी. डायरेक्टर दोन, नवरा-बायको. बोर्डाचा ठराव, ऑडिट केलेले ताळेबंद, सगळं नीट लावलेलं. आमच्याकडे बरेच जण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवरचा मास्टर डेटा छापून फाइलला लावतात आणि तपासणी झाली म्हणतात. मला ते पटत नाही. त्यात आज डायरेक्टर कोण एवढंच कळतं. काल कोण होतं आणि का गेलं, ते कळत नाही. शंभर रुपये भरले की कंपनीचे दाखल झालेले फॉर्म उघडता येतात. मी ते उघडतेच.

वार्षिक विवरणाला, म्हणजे एमजीटी-७एला, भागधारकांची यादी जोडलेली होती. निम्मे शेअर अर्जदाराचे, निम्मे त्याच्या थोरल्या भावाचे. अर्जात या भावाचा उल्लेखच नव्हता. मग डायरेक्टर बदलल्याचा फॉर्म, डीआयआर-१२, पाहिला. थोरल्याचा राजीनामा ३१ मार्चपासून, त्याच दिवशी अर्जदाराच्या बायकोची नेमणूक. खाजगी कंपनीला किमान दोन डायरेक्टर लागतात ना! असा फॉर्म तीस दिवसांत भरायचा असतो. हा भरला होता नोव्हेंबरात, आमच्याकडे अर्ज येण्याच्या जरा आधी.

उशिरा फॉर्म भरणारे ढिगाने असतात, त्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. म्हणून वार्षिक हिशेब दाखल करायच्या फॉर्मला, एओसी-४ला, जोडलेला ताळेबंद काढला. शेवटच्या पानावर ‘डायरेक्टर’ म्हणून दोन सह्या, खाली डीआयएन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, तारीख सप्टेंबरची. त्यातली एक सही थोरल्याची. मार्चमध्ये राजीनामा दिलेला माणूस सप्टेंबरात डायरेक्टर म्हणून सही कशी करेल? राजीनाम्याच्या पत्रावरची सही तिच्याशेजारी ठेवली. आडनावाचं वळणच वेगळं.

एवढा मोठा भागधारक जामीनदार हवाच, हा आमचा नियम. त्यासाठी थोरल्यांना फोन केला. विचारलं, “तुम्ही कंपनीतून कधी बाहेर पडलात?”

“बाहेर? मॅडम, मी आत्ता शॉपमध्येच उभा आहे.”

हे फॉर्म भरले की दाखल होतात. राजीनामा देणाऱ्याला फोन करून कुणी विचारत नाही. रजिस्ट्रीवर आहे म्हणजे खरंच, असं मानणाऱ्या आमच्या वरिष्ठांना हेच पटवता येत नाही. “रेकॉर्ड क्लिअर आहे, भावांचं भांडण आपलं नाही,” ते म्हणाले. पण उद्या थोरले कंपनी न्यायाधिकरणात, एनसीएलटीत, गेले आणि नव्या बोर्डाची नेमणूकच वादात आली, तर ज्या ठरावावर आपण साठ लाख देणार, त्याचं काय? मी प्रतिकूल शेरा लिहिला. फाइल परत गेली.

थोरले दुसऱ्या दिवशी बँकेत आले, राजीनाम्याची प्रत मागायला. कर्जाच्या फाइलमधलं काही देता येत नाही. पण तो कागद तर शंभर रुपयांत कुणालाही उघडा आहे! पोर्टलवर कुठे पाहायचं, ते मी त्यांना लिहून दिलं. वरिष्ठांच्या मते तेवढंही सांगायला नको होतं. मला अजून तसं वाटत नाही.