ओआरएसने जुलाब वाढलेलं बाळ

बाळ १२ दिवसांचं होतं. जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम, आणि आमच्या काट्यावर २ किलो २००. मी तेव्हा मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात बालरोग विभागात रजिस्ट्रार होते. जुलै महिना, वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन मुलं.

"लघवी भरपूर करतो, डॉक्टर. दुपटं सारखं ओलं," आई सांगत होती. पण डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत मळलेल्या कणकेसारखी लागत होती, आणि रक्तातलं सोडियम वाढून १६२. एवढी लघवी करणारं बाळ असं दिसत नाही. सिस्टरांनी लघवीची पिशवी चिकटवली. चार तासांत पिशवीत जेमतेम ५ मिली आलं आणि दुपटं मात्र पुन्हा चिंब. ज्याला सगळे लघवी समजत होते ती शी होती, अगदी पाण्यासारखी.

तोंडाने सगळं बंद करून सलाईन सुरू केलं. सोडियम झपाट्याने उतरवलं तर मेंदूला सूज येते, म्हणून दोन दिवसांत हळूहळू. दुसऱ्या दिवशी शी थांबली. म्हणजे आतडं आपणहून पाणी ओतत नव्हतं; पोटात जाणारं काहीतरी पाणी ओढत होतं. आईच्या दुधातल्या लॅक्टोजवर माझा संशय होता. पण बाहेरच्या डॉक्टरांनी लॅक्टोज नसलेली पावडर आधीच देऊन पाहिली होती आणि तिनेही फरक पडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी वाटी-चमच्याने थोडं ओआरएस पाजलं. दोन तासांत दुपटं ओलं. ओआरएसने जुलाब वाढलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या शीत साखर आहे का ते पाहायला बेनेडिक्ट चाचणी केली, तर निळं द्रावण विटेसारखं लाल झालं. ग्लुकोज शोषलंच जात नव्हतं.

ओआरएसचं सगळं काम आतड्याच्या पेशीतल्या एका प्रथिनावर चालतं: एसजीएलटी-१. त्याची गंमत अशी की ग्लुकोज आत ओढायला ते स्वतः एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करत नाही. खर्च होतो पेशीच्या दुसऱ्या, रक्ताकडच्या बाजूला. तिथला पंप एटीपी जाळून ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे बाहेर सोडियम १४० च्या आसपास असलं तरी पेशीत ते साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं. आपल्या सोसायटीत पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो, वीज तिथे जळते. नंतर नळ वाहतो तो उंचीच्या जोरावर. सोडियमचा हा उतार म्हणजे ती उंची. एसजीएलटी-१ दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदमच आत घेतं. सोडियम उताराने खाली येतं आणि त्याच जोरावर ग्लुकोज चढावर जातं, पेशीत ते आधीच जास्त असलं तरीही. सोडियम दोन असल्याने दहापट फरकाचं बळ दहा गुणिले दहा, म्हणजे शंभरपट होतं. पेशीच्या आतला ऋण विद्युतभार त्यात आणखी भर घालतो. पुढे ग्लुकोज दुसऱ्या वाहकातून रक्तात उतरतं आणि पाणी मागोमाग जातं. पटकीतही हे प्रथिन शाबूत असतं, म्हणून तिथे ओआरएस चालतं.

या बाळात पंप ठीक होता, उतारही होता. सोडियम-ग्लुकोजची जोडी आत घेणारं प्रथिनच बिघडलेलं. लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं, आणि दोन्हींची वाट हीच. त्या पावडरीतला स्टार्चही शेवटी ग्लुकोजच होतो. मूत्रपिंडातही हे प्रथिन असतं, म्हणून रक्तातली साखर नॉर्मल असूनही लघवीत ग्लुकोजचा अंश सापडला. नवरा तिच्या आत्याचा मुलगा, हे आईने नंतर सांगितलं. दोन्हीकडून तेच सदोष जनुक आलं असणार. पुढे तपासणीतही तेच निघालं.

फ्रुक्टोजची वाट वेगळी. जीएलयूटी-५ नावाचा त्याचा वाहक सोडियमवर अवलंबून नाही. साखर नसलेला फॉर्म्युला मागवून त्यात आम्ही मोजून फ्रुक्टोज मिसळलं. पहिल्या रात्री मी दर तासाला दुपटं बघायला जात होते. पहाटे ते कोरडं होतं. सकाळी शी झाली ती पिवळी, घट्टसर.

आईला अंगावरचं दूध बंद करायला सांगणं मला सगळ्यात जड गेलं. ती दूध पिळून बेसिनमध्ये टाकायची आणि पाठमोरी उभी राहायची. बाळ १९ दिवसांनी घरी गेलं, वजन २ किलो ८५०. कार्डावर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ओआरएस नाही, ग्लुकोज पावडर नाही, साखरेचं पाणी नाही, तापाचं गोड सिरप देण्याआधी आम्हाला फोन करा.

"आणि जुलाब झाले तर, म्याडम?"

"ताई, थांबू नका. लगेच इकडे या आणि दारातच हे कार्ड दाखवा."