टीपीएनची पिशवी आणि साखरेचा हिशेब: माझा अनुभव

रुग्ण दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. वय ५८, वजन ६० किलो, मधुमेह जुना आणि घरी गोळ्या चालू. लहान आतड्याच्या ऑपरेशननंतर जोड गळायला लागला, म्हणून तोंडाने सगळं बंद करून सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, टीपीएन सुरू करायचं ठरलं, म्हणजे सगळं पोषण थेट रक्तात. नाशिकमधल्या आमच्या आयसीयूत साखरेची बाजू माझ्याकडे होती. त्या दिवसांत जे केलं आणि जिथे चुकता चुकता वाचलो, तेवढंच लिहितो.

पहिला निर्णय डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून जाणारं ग्लुकोज, किती द्यायचं याचा, इन्सुलिनचा नंतर. आमच्याकडे तीन कप्प्यांची तयार पिशवी येते. तिच्यावर २००० मिली आणि ग्लुकोज २४० ग्रॅम असं छापलेलं होतं. मधुमेहीला पहिल्या दिवशी १०० ते १५० ग्रॅमपलीकडे जात नाही, म्हणून पिशवी ताशी ४२ मिलीने, म्हणजे दिवसात अर्धीच लावली. हे १२० ग्रॅम झाले. ग्रॅमला १००० ने गुणायचं आणि वजन गुणिले १४४० मिनिटांनी भागायचं, की दर किलोमागे मिनिटाला किती मिलिग्रॅम ते कळतं. इथे उत्तर १.४ आलं. शरीर साधारण ४ ते ५ पर्यंतच ग्लुकोज जाळू शकतं. त्यावर गेलं की साखर चढते आणि यकृतात चरबी साचते. आजारी माणसाच्या बाबतीत मी ४ लाच थांबतो.

२४ तास झाले की उरलेली अर्धी पिशवी फेकावी लागते. नातेवाइकांना ते जिवावर येतं, "डॉक्टरसाहेब, उद्या नाही का चालणार?" असं विचारतात. नाही चालत. त्यात जंतू वाढतात. ही फेकलेली अर्धी पिशवी पुढे इन्सुलिनच्या हिशेबात आडवी येते.

रक्तातल्या साखरेचं लक्ष्य १४० ते १८०. दर सहा तासांनी बोटाची साखर आणि १८० च्या वर गेली तर त्वचेखाली थोडं रेग्युलर इन्सुलिन: १८१ ते २२० ला २ युनिट, २२१ ते २६० ला ४, त्यापुढे ३०० पर्यंत ६. पहिल्या दिवशी १९६, २१४, २२८, २०५ असे आकडे आले, म्हणजे एकूण १० युनिट लागले. साखर आटोक्यात येईपर्यंत डेक्स्ट्रोज वाढवायचं नाही, हा नियम मी मोडत नाही. सर्जन कितीही म्हणोत, "कॅलरी कमी पडताहेत."

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीच्या १० पैकी दोन तृतीयांश, म्हणजे ७ युनिट पिशवीतून द्यायचे ठरले. इथेच गंमत आहे. रुग्णाला पिशवी अर्धी जाणार, त्यामुळे ७ युनिट पोचवायचे तर पिशवीत १४ टाकावे लागतात. सिस्टरच्या हाती ७ ची ऑर्डर गेली असती तर प्रत्यक्षात साडेतीनच पोचले असते आणि आम्ही "इन्सुलिन लागू पडत नाही" म्हणत बसलो असतो. म्हणून आता ऑर्डर लिहितानाच "पिशवीत किती" आणि "रुग्णाला किती" असे दोन आकडे लिहितो. शिवाय थोडं इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. रीडिंगच खरं.

पिशवीत फक्त रेग्युलर. कप्पे फोडून सगळं एकजीव झाल्यावरच टाकायचं आणि पिशवी चार-पाच वेळा उलटसुलट करायची. सिरिंज मात्र डोळ्यात तेल घालून बघायची. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. नारिंगी टोपीची सिरिंज १०० वाल्यासाठी. ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर हातात ४ युनिटच येतात. उलटं झालं, १०० ची व्हायल आणि लाल सिरिंज, तर १० च्या जागी २५. दुसरी चूक जिवावर बेतणारी.

त्या दिवशी रीडिंग १९०, १७८, १८६, १७२ आणि त्वचेखालून दिलेलं वरचं इन्सुलिन ४ युनिट. त्याचे दोन तृतीयांश ३, म्हणजे पुढच्या दिवसासाठी ७ अधिक ३, असे १२० ग्रॅमला १० युनिट. साखर लक्ष्याच्या आसपास आली होती, म्हणून डेक्स्ट्रोज १८० ग्रॅमवर नेलं, ताशी ६२ मिली. त्याच प्रमाणात इन्सुलिन रुग्णाला १५ आणि पूर्ण पिशवीत २०. इन्सुलिन आणि ग्लुकोज दोन्ही पोटॅशियम पेशींत ढकलतात, म्हणून रोज पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मीटरवर ३१२. आधीची दोन रीडिंग १७६ आणि १६८, ताप नाही, रुग्ण गप्पा मारतोय. एवढी उडी कशी? सिस्टरने हळूच सांगितलं, भेटीच्या वेळी घरच्यांनी बागेतले घड आणले होते. काकांना खायची बंदी, पण त्यांनी दोन मणी दाबून, फोडून गोडी आली का ते बोटांनीच जोखलं होतं! स्पिरिटच्या बोळ्याने बोटावरची फळाची साखर नीट निघत नाही. साबण-पाण्याने हात धुवून, पुसून पुन्हा घेतली तर १७४. आधीच्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर मध्यरात्री साखर कोसळली असती. असाच फसवा आकडा सेंट्रल लाइनमधून रक्त काढलं की येतो, कारण त्यात टीपीएन मिसळलेलं असतं. हात-पाय गार असतील, सूज किंवा बीपी कमी असेल, तर बोटाच्या रक्तावर विसंबत नाही, शिरेतलं रक्त लॅबला पाठवतो.

पाचव्या दिवशी मात्र २५४ आणि २७१, हात धुवूनही. असं झालं की आधी चार्ट बघतो. कुणी स्टेरॉइड सुरू केलंय का, अँटिबायोटिक ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये जातंय का? १०० मिलीची एक बाटली म्हणजे ५ ग्रॅम, दिवसात तीन बाटल्या म्हणजे १५. इथे अँटिबायोटिक तसंच जात होतं, ते नॉर्मल सलाईनमध्ये घेतलं. पण १५ ग्रॅमने एवढी उडी होत नाही. चार तासांनी थंडी वाजून ताप आला. साखर तापाच्या आधी बोलली होती. जंतुसंसर्ग शोधायला कल्चर पाठवली आणि पिशवीतलं इन्सुलिन बंद केलं. त्याऐवजी ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट इन्सुलिन, सिरिंज पंपावर, नळीच्या प्लॅस्टिकलाही ते चिकटतं म्हणून आधी २० मिली वाहू देऊन, दर तासाला साखर. अशा अस्थिर दिवशी पिशवीत इन्सुलिन घालू नये, कारण साखर उतरली तर ते बाहेर काढता येत नाही, आख्खी पिशवी फेकावी लागते.

पंप चालू असताना त्यांना सीटी स्कॅनला न्यायचं होतं. वॉर्डबॉय टीपीएन काढून ठेवायला निघाला आणि पंप मात्र तसाच चालू. त्याला तिथेच थांबवलं. टीपीएन थांबलं की त्याच क्षणी १० टक्के डेक्स्ट्रोज त्याच वेगाने लावायचं, इन्सुलिन पंप बंद करायचा आणि अर्ध्या तासाने साखर बघायची. त्या दिवशी ११८ आली. ७० च्या खाली गेली असती तर २५ टक्के डेक्स्ट्रोज ५० मिली शिरेतून आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. परत आल्यावर टीपीएन आणि पंप सोबतच सुरू केले. त्वचेखालच्या रेग्युलरलाही हेच लागू आहे. सहाला दिलेलं इन्सुलिन रात्री बारापर्यंत काम करत असतं, म्हणून सातला लाइन बंद पडली तर वाट न बघता दुसऱ्या हाताच्या शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज.

अकराव्या दिवशी तोंडाने पेज सुरू झाली. पिशवी एकदम काढली नाही, शेवटचे दोन तास वेग निम्मा ठेवला आणि बंद केल्यावर तासाने साखर घेतली. आली १३९.